कवितेत ‘खिडकी मिठाळली’ लिहायचं का?

‘मिठाळणे’ शब्दकोशात नाही म्हणून तो खोडू नका. फेसापासून फेसाळणे, रक्तापासून रक्ताळणे झालं, त्याच साच्यातून तो आला आहे, त्यामुळे ‘मिठाने माखली’ हा अर्थ वाचकाला लागू शकतो. अडचण वेगळी आहे: ‘मिठाळली’ वाचताना मिठीही आठवते. म्हणून त्याच ओळीत खारा वारा किंवा समुद्र येऊ द्या. मग साधा पर्याय शेजारी लिहून पाहा. ‘खिडकीवर मीठ साचलं’ यात खिडकी वेगळी आणि मीठ वेगळं राहतं. ‘मिठाळली’ म्हटल्यावर खिडकीच बदलते. हा फरक कवितेला हवा असेल तरच शब्द ठेवा. लहान कवितेत असा एक पुरे. तीन झाले की वाचक कविता सोडून शब्दच उलगडत बसतो.

व्याकरणाचंही तसंच. यमकासाठी ‘खिडकी मिठाळले’ लिहिलं तर ती निव्वळ चूक, कारण लिंग मोडून अर्थ वाढला नाही. ह्रस्व-दीर्घाचं मात्र वेगळं आहे. वृत्तासाठी ती सूट मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीच दिली आहे, म्हणून दोन लघू हवे असतील तिथे ‘नदी’ची ‘नदि’ चालते. पण चार ओळींत तशी तीनदा सूट घ्यावी लागली, तर ओळी पुन्हा बांधा. आणि ‘नदि’ एकदा गद्यासारखी मोठ्याने वाचा. जीभ आपोआप ‘दी’ लांबवत असेल, तर कागदावर जुळलेलं वृत्त कानाला तुटलेलंच ऐकू येईल.