पन्नास रुपयांच्या आयब्रोत नफा कुठे असतो?

प्रश्न : फक्त आयब्रो आणि वॅक्सिंगचे छोटे पार्लर काढायचे आहे. दर कमी ठेवून परवडेल का? स्वच्छता पाळत बसले की वेग राहत नाही, असे सगळ्याजणी सांगतात.

परवडते, मात्र एका ग्राहकामागे खुर्ची किती वेळ अडकते, यावर सगळा हिशेब अवलंबून असतो. समजा, दोन खुर्च्यांच्या गाळ्याचे भाडे १५,००० रुपये, दोन मुलींचे पगार २८,००० आणि वीज वगैरे किरकोळ खर्च ७,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस धरल्यास रोजचा खर्च साधारण १,९२५ रुपये होतो. आयब्रोचे ५० आणि अप्परलिपचे ३० अशा ८० रुपयांतून दोरा, पावडर, जेल यांचे ५ रुपये वजा जाता ७५ उरतात, म्हणजे २६ ग्राहक झाल्यावर कुठे खर्च निघतो. नोकरदार वस्तीत गर्दी संध्याकाळी ५ ते ८ याच वेळात असते. प्रत्येकीला १५ मिनिटे लागली, तर तेवढ्या वेळात दोन खुर्च्यांवर २४ जणी होतात. १० मिनिटे लागली, तर ३६.

ही पाच मिनिटे हात भराभर चालवून वाचवू नयेत, कारण भुवईची कमान एकदा बिघडली की ती बाई पुन्हा पायरी चढत नाही. वेळ जातो तो दर सांगण्यात, सुट्ट्या पैशांत आणि आकाराच्या चर्चेत. दरपत्रक दारावर आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड बाकड्याजवळ लावावा, आणि आकाराचे बोलणे दोरा हातात घेण्याआधीच संपवावे.

स्वच्छतेमुळे वेग कमी होतो, हे मला पटत नाही. दोऱ्याचे टोक दातात धरण्याची जुनी सवय मोडून ते मानेत अडकवायला शिकवल्यास, सरावानंतर वेळ तेवढाच लागतो आणि थुंकीचा दोरा कोणाच्या कातडीवर फिरत नाही. प्रत्येकीसाठी नवा दोरा रिळातून तिच्या डोळ्यांदेखत तोडावा. वापरलेल्या दोऱ्यातून चामखिळीही पसरू शकतात.

वॅक्समध्ये खरी चूक होते ती वॅक्स पसरवायची पट्टी अंगाला लावून पुन्हा हीटरच्या डब्यात बुडवण्याची. दर वेळी नवी पट्टी घेणे हा उपाय चांगला, पण रेंगाळणारा. त्यापेक्षा लागेल तेवढे वॅक्स छोट्या वाटीत काढून घ्यावे आणि उरलेले सरळ फेकून द्यावे. काही रुपयांचे वॅक्स वाया जाते, ते दरातच धरावे. अप्परलिपला वॅक्स लावण्यापूर्वी चेहऱ्याला रेटिनॉल किंवा अडापलीन असलेले क्रीम चालू आहे का, हे विचारलेच पाहिजे, कारण अशी त्वचा स्ट्रिपबरोबर सोलून निघते. तिथे वॅक्सला नकार द्यावा.

पूर्ण पायांचे वॅक्स संध्याकाळी घेऊ नये. खुर्ची पाऊण तास अडते आणि तेवढ्यात आयब्रोच्या चार जणी बाहेरूनच परत जातात. ते काम थोडी सवलत देऊन दुपारच्या रिकाम्या वेळेत, आधी वेळ ठरवूनच करावे.