बाहेरचं कवच अनंतावर गेलं की धारकता शून्य का होत नाही?

प्रश्न: दोन समकेंद्री गोलांच्या धारकतेच्या सूत्रात बाहेरच्या कवचाची त्रिज्या b अनंत घातली की ∞/∞ येतं. मग एकट्या गोलाचं सूत्र येतं कसं?

b थेट घालू नका, आधी अंश आणि छेद दोन्हींना b ने भागा. a त्रिज्येच्या आतल्या गोलावर प्रभार Q, बाहेरचं कवच भूसंपर्कित, तर

V = (Q/4πε₀)(1/a − 1/b)

C = 4πε₀ab/(b − a) = 4πε₀a/(1 − a/b)

आता b वाढला की a/b शून्याकडे जातो आणि उरतं 4πε₀a.

आकडे घालून बघा. a = 9 सेमी घेतला तर एकट्या गोलाची धारकता जवळपास 10 pF. कवच 10 सेमीवर असेल तर 100 pF, 18 सेमीवर 20 pF, आणि 9 मीटरवर 10.1 pF. म्हणजे खोलीच्या भिंतीसुद्धा ‘अनंत’ म्हणून चालून जातात!

शून्य न होण्याचं कारण असं: गोलाजवळ क्षेत्र 1/r² ने झपाट्याने उतरतं, त्यामुळे विभवांतराचा बहुतेक भाग गोलालगतच खर्च होतो. समांतर पट्ट्यांत क्षेत्र एकसारखं, म्हणून तिथे अंतर वाढेल तशी धारकता घटतच जाते.

एक सापळा: आतला गोल भूसंपर्कित करून बाहेरच्यावर प्रभार दिला, तर हे सूत्र लागू नाही. तिथे बाहेरच्या पृष्ठाचे 4πε₀b मिळवावे लागतात.