सरांचे मेसेज: ‘तू’पासून ‘आपण’पर्यंत

तुझ्या मेसेजमधून उलगडणाऱ्या कथेत इंदूरचे निवृत्त सर जुन्या विद्यार्थ्याला पहिल्याच मेसेजमध्ये लिहितात, ‘तू १९९८ साली माझ्या वर्गात होतास, आता मोठा अधिकारी झालास.’ हे दोघांनाही ठाऊक आहे, मग सर सांगतायत कोणाला? वाचकाला. तिथेच मेसेज खोटा पडतो. ओळख अशी येऊ दे: ‘पेपरात फोटो पाहिला. मान अजून डावीकडेच कलते, फळा नीट दिसत नसल्यासारखी.’

खरी गोष्ट संबोधनात आहे. सात-आठ मेसेज पुरेत. पहिल्या तिनांत ‘अरे’, ‘तू’. उत्तर नाही. चौथ्यात ‘वेळ मिळाला तर कळव’, आणि सहाव्यात एकदम ‘आपण कामात असाल’. हा बदल कुठेही समजावू नकोस. समजावलास की मेला. विद्यार्थ्याचं उत्तरही छापू नकोस, ते सरांच्या पुढच्या ओळीतून कळावं: ‘अंगठा पाहिला. बरं वाटलं.’

मेसेजखालची वेळ जपून टाक. तेच वाक्य दुपारी तीनला साधं वाटतं, पहाटे चारला काळजाला लागतं. सरांच्या मराठीत इंदुरी हिंदी जरूर येऊ दे, पण एका मेसेजात एखादाच शब्द. जास्त झाली की सर बोलत नाहीत, लेखक नक्कल करतो.