भीती वाढत जाते तसा वाक्याचा कर्ता बदलतो

प्रश्न: माझ्या कथेतल्या माणसाची भीती हळूहळू वाढत जाते, पण मला दर वेळी 'तो घाबरला' किंवा 'तो खूप घाबरला' एवढेच सुचते. साध्या अस्वस्थतेपासून थरकाप उडेपर्यंतच्या पायऱ्यांसाठी मराठीत कोणते शब्द आहेत आणि ते कुठे वापरावेत?

उत्तर:

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी संपादनासाठी वाचतो, तेव्हा भीतीच्या प्रसंगात शब्दाची निवड करताना दोन गोष्टी पाहतो. पात्राला भीतीचे कारण कितपत ठाऊक आहे, ही पहिली. आणि त्या वाक्यात क्रिया कोण करते आहे, माणूस की त्याचे शरीर, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीकडे लेखकांचे सहसा लक्ष जात नाही, पण भीती वाढल्याचे वाचकाला तिच्यामुळेच जाणवते, असे माझे मत आहे.

एक प्रसंग घेऊ. जुन्नर तालुक्यात बिबटे उसाच्या फडात राहतात आणि तिथेच त्यांची पिल्लेही होतात. शेतीपंपाची वीज जिथे पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळते, तिथे रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला अंधारातच दारे धरायला जावे लागते. आपल्या कथेतला किसन असाच बॅटरी आणि खोरे घेऊन निघाला आहे. मोटार सुरू झाली, पाटाला पाणी आले, तो सऱ्या भरू लागला.

सुरुवातीला कारण त्याला ठाऊकच नसते. वस्तीवरची कुत्री मघापासून भुंकत होती आणि आता ती गप्प झाली आहेत, एवढीच नोंद त्याच्या मनाने घेतलेली असते. इथे 'अस्वस्थ झाला' चालेल, पण तो शब्द फार सर्वसाधारण आहे. परीक्षेच्या निकालाआधी, भांडण झाल्यावर, झोप नीट न लागल्यावरही माणूस अस्वस्थच होतो. 'त्याच्या मनात पाल चुकचुकली' हे इथे नेमके बसते, कारण त्यात काहीतरी वाईट आहे याची कुणकुण असते, पण काय ते कळलेले नसते. या पायरीवर 'धाकधूक' वापरू नये. धाकधुकीला वाट पाहण्याजोगे काहीतरी लागते, म्हणजे निकाल, डॉक्टरांचा अहवाल, घरी न परतलेले मूल. 'हुरहूर' तर इथे पूर्णपणे चुकेल, कारण तिच्यात ओढ असते, आणि 'रुखरुख' म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची बोच. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मला वारंवार दिसतात.

मग उसात पाचट वाजते. वारा नाही, आणि आवाज एकाच जागी होऊन थांबला आहे. आता किसनच्या मनात कारण उभे राहते, पण ते दिसलेले नाही. 'तो चपापला' किंवा 'तो मनातून चरकला' हे शब्द या क्षणाचे आहेत. दोन्ही क्षणिक आहेत. तीन ओळींनंतरही तो चपापलेलाच आहे असे लिहिता येत नाही. 'दचकला' मात्र आणखी वेगळा, कारण दचकणे शरीराचे असते आणि त्याला भीती असावीच लागत नाही. मागून कुणी हाक मारली तरी माणूस दचकतो. 'पाल चुकचुकली' एवढे सोडले, तर या पायरीपर्यंत किसनच वाक्याचा कर्ता आहे. तो ऐकतो, थांबतो, बॅटरी फिरवतो, स्वतःची समजूत घालतो की रानमांजर असेल.

बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकतात आणि इथे वाक्याची रचना बदलायला हवी. 'त्याच्या काळजात धस्स झाले', 'त्याच्या पोटात गोळा आला', 'त्याला धडकी भरली': या तिन्ही वाक्यांत किसन कर्ता उरलेला नाही. काहीतरी होते, येते, भरते, आणि ते त्याच्या बाबतीत घडते. मराठीने ही सोय आपल्याला आयती दिलेली आहे. तिचा उपयोग भीती वाढेल त्या क्रमाने करावा, पहिल्याच परिच्छेदात करून टाकू नये. कुत्री गप्प झाली तेव्हाच तुम्ही 'काळजात धस्स झाले' लिहिले, तर डोळे चमकल्यावर 'खूप', 'प्रचंड', 'भयंकर' अशी विशेषणे लावत बसावे लागते आणि त्यांनी भीती वाढत नाही. त्याच कारणाने दोन वाक्प्रचार एकाच वाक्यात जोडू नयेत. काळजाचा ठोकाही चुकला आणि अंगावर काटाही आला, असे वाचले की वाचकाला दोन्ही खोटे वाटतात.

त्यापुढची पायरी म्हणजे शरीराने ऐकणेच सोडून देणे. तिच्यासाठी मला वाक्प्रचारांपेक्षा क्रियापदाचे एक साधे रूप अधिक प्रभावी वाटते: 'पाय उचलेना', 'आवाज फुटेना', 'नजर हलेना'. 'त्याने पाय उचलला नाही' यात फक्त न घडलेली क्रिया आहे. 'पाय उचलेना' यात उचलायची धडपड आहे आणि ती फसते आहे. माणूस आत जागा आहे, पण त्याचे काही चालत नाही, हे त्या एका '-ना' मध्ये येते. त्यानंतर 'दातखीळ बसली', 'अंगाला कापरे भरले', 'हातपाय गळाले' यांतला एखादाच वाक्प्रचार पुरतो.

'भेदरला' आणि 'गर्भगळीत झाला' हे शब्द मी इथे मुद्दाम टाळले. दोन्ही बाहेरून पाहिलेल्या माणसाचे आहेत. कथा किसनच्या मनातून चालली असेल, तर 'भेदरलेला' हे बायकोने त्याला ओसरीवर पाहिल्यानंतर तिच्या नजरेतून यावे. 'घाबरगुंडी उडाली', 'पाचावर धारण बसली', 'त्रेधा उडाली' यांना तर थोडी गमतीची छटा आहे. हे शब्द ऐकताना मराठी माणसाच्या चेहऱ्यावर किंचित हसू येते, त्यामुळे जीवावर बेतलेल्या प्रसंगात ते मी कापतोच.

किसन पळत सुटणार असेल, तर तो गोंधळ 'सैरावैरा' या एका शब्दाने उभा राहत नाही. तिथे वाक्ये तुटक करावीत आणि भीतीचा शब्दच काढून टाकावा. खोरे पडले. बॅटरी कुठे गेली कळले नाही. बांध ओलांडताना चप्पल चिखलात रुतली ती तिथेच राहिली. मोटार चालूच होती. एवढे लिहिले की 'घाबरून' हा शब्द वाचक स्वतःच घालतो.

राहिले ते नंतरचे शब्द, आणि त्यांत गल्लत फार होते. 'धसका' घडून गेलेल्या गोष्टीचा असतो: किसनने त्या रात्रीचा धसका घेतला. 'धास्ती' पुढे घडू शकेल अशा गोष्टीची: पुढच्या आठवड्याच्या रात्रपाळीची त्याला आतापासूनच धास्ती वाटते. 'दहशत' एकट्याची क्वचितच असते, ती वस्तीवर किंवा गावावर बसते. शेजाऱ्यांनीही रात्री रानात जायचे बंद केले असेल, तर तो शब्द योग्य. आणि लक्षात घ्या, 'धसका घेतला' म्हणताना किसन पुन्हा वाक्याचा कर्ता झालेला असतो.