स्तंभात तुझी बाजू दिसू दे

शाळेतल्या मोबाइलबंदीवरचा तुझा मसुदा वाचला. दोन परिच्छेद फायद्यांचे, दोन तोट्यांचे आणि शेवटी ‘समतोल साधायला हवा’. या वाक्याला कुणीच विरोध करणार नाही, म्हणूनच ते मत नाही. एखादा शहाणा माणूस वाद घालू शकेल असं एक वाक्य आधी लिही: ‘बंदी तासापुरती हवी, मधल्या सुट्टीत नको.’ ते लेखात लवकर येऊ दे. मग त्याच्याशी संबंध नसलेली वाक्यं काढ. फायद्यांची अर्धी यादी जाईल, जाऊ दे.

शंकेला मात्र भरपूर जागा दे. ‘काहींचं म्हणणं वेगळं आहे’ ही शंका नव्हे, त्यात तुझं काहीच पणाला लागत नाही. तुझ्या भूमिकेला खरोखर अडचणीत आणणारा आक्षेप शोध. सुट्टीत फोनवर पेटलेलं भांडण पुढच्या तासाला वर्गात येतं, असं एखादी शिक्षिका म्हणेल. तो आक्षेप तिला पटेल इतक्या ताकदीनं मांड आणि तू कुठवर मागे सरकतोस ते सांग: ‘लहान वर्गांसाठी मला याचं उत्तर सापडलेलं नाही, तिथे दिवसभर बंदीच बरी असेल.’ एवढ्यानं भूमिका कमकुवत होत नाही, तिची हद्द कळते.

आता मोठ्यानं वाच. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ असं तू मित्राशी बोलशील का? तिथे तू स्वतः पाहिलेलं काहीतरी लिही. मग नाव झाकून ओळखीच्या माणसाला दे आणि कुठल्या वाक्यात तू ओळखू आलास ते विचार. एकही सापडलं नाही, तर सुरुवात पुन्हा लिही.