पाणी नितळ, तरी बीओडी जास्त

प्रश्न: आमच्या एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे, पाणी नितळ दिसते, तरी बीओडी जास्त का येतो?

उत्तर: बहुधा पाण्यात उरलेले नायट्रीकारक जीवाणू चाचणीच्या बाटलीत अमोनियाचे ऑक्सिडीकरण करीत असावेत, कारण बीओडी घाण थेट मोजत नाही, तर २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत सूक्ष्मजीवांनी वापरलेला ऑक्सिजन मोजतो. प्रक्रियेच्या टाकीत वाढवलेल्या जीवाणूंच्या सक्रिय गाळातील परपोषी, म्हणजे सेंद्रिय द्रव्यावर जगणारे, जीवाणू ते द्रव्य लवकर संपवतात, पण सावकाश वाढणाऱ्या नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा या नायट्रीकारक जीवाणूंचे काम अनेकदा अर्धवट राहते व बाटलीत पुढे चालते. नायट्रीकरण रोखणारे अलाइलथायोयुरिया घालून तोच नमुना पुन्हा तपासावा: साध्या चाचणीत २८ आणि या चाचणीत १२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आल्यास १६चा फरक नायट्रीकरणाचा समजावा. मात्र आकडा फारसा उतरला नाही, तर सेंद्रिय द्रव्यच उरले आहे. तेव्हा वायुवीजन टाकीतील विरघळलेला ऑक्सिजन आधी पाहावा.