यूजीसीच्या यादीत नाव आहे, तरी 21 दिवसांतली डिग्री खरी का नाही?

*"मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात बी.कॉम.ची चार सेमिस्टर पास झालो आणि 2020 मध्ये घरच्या अडचणीनं शिक्षण सुटलं. आता उद्यमबागला एका फाउंड्रीत स्टोअर्सला आहे. इन्चार्जची जागा निघाली आहे, पण डिग्री पाहिजे म्हणतात. व्हॉट्सॲपवर एक सर 21 दिवसांत बी.कॉम. काढून देतो म्हणतात. एकूण 45,000, आधी 10,000. युनिव्हर्सिटीचं नाव मी स्वतः यूजीसीच्या यादीत बघितलं, आहे. पैसे भरू का?"*

नका भरू. यादी बघितलीत हे चांगलं केलंत, पण ती यादी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: या नावाचं विद्यापीठ कायद्यानं अस्तित्वात आहे का? यूजीसी कायदा 1956 च्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. यादीत नाव नसेल तर विषय तिथंच संपतो. नाव असेल तर तपासणी तिथून पुढं सुरू होते, आणि एजंटांना नेमकं हेच माहीत असतं. पूर्वी ते विद्यापीठच खोटं काढायचे. आता खऱ्या विद्यापीठाचं नाव वापरतात, म्हणजे तुमच्यासारख्या सावध माणसाचीही यादी बघून खात्री पटते.

त्या सरांनी पाठवलेल्या नमुन्याच्या पीडीएफमध्ये दोन ओळी नीट वाचा. "सेशन 2020-23" आणि "मोड रेग्युलर". म्हणजे मागच्या तारखेनं तीन वर्षांची मार्क्स कार्डं होणार, आणि त्यावर तुम्ही उत्तरेतल्या एका राज्यात रोज वर्गात बसत होता असं लिहिलेलं असणार. त्याच काळात 2021 पासून तुमचा पीएफ उद्यमबागच्या कंपनीतून कापला जातोय. पीएफच्या यूएएन नंबरच्या सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची तारीख आहे. कंपनीच्या एचआरनं हे दोन कागद शेजारी ठेवले की विद्यापीठाला पत्र लिहायचीही गरज पडत नाही. एकच माणूस सकाळी उद्यमबागला पंच करतो आणि दुपारी दुसऱ्या राज्यात लेक्चरला बसतो, हे होत नाही.

पत्र लिहिलंच, तर पडताळणी करणारी एजन्सी मार्क्स कार्डावरचा एन्रोलमेंट नंबर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडं पाठवते. "व्हेरिफिकेशन आमच्याकडं" असं एजंट म्हणतात, त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की मार्क्स कार्डावर छापलेला फोन नंबर, ईमेल किंवा वेबसाइट त्यांचीच असते. अनुभवी एजन्सी कागदावरचा पत्ता वापरतच नाही, विद्यापीठाच्या मूळ साइटवरून घेते. तिथून "रेकॉर्ड सापडत नाही" असं उत्तर आलं की बढती राहिली बाजूला, हातची नोकरीही जाते. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 340 खालचा गुन्हा आहे, आणि तो वापरणाऱ्यावर लागतो. एजंट तोवर सिम बदलून मोकळा झालेला असतो.

"पण त्यांचा माणूस विद्यापीठाच्या आत आहे, रेकॉर्डला नाव चढवतात" असंही तुम्हाला सांगितलं गेलं आहे. असं होतच नाही असं नाही. हिमाचलमधल्या सोलनचं मानव भारती विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ होतं. तिथून हजारो बनावट पदव्या विकल्या गेल्याचं प्रकरण 2020 मध्ये पुढं आलं आणि पुढं ईडीनंही मालमत्तेवर टाच आणली. अशा वेळी त्या वर्षांतल्या प्रत्येक पदवीकडं संशयानं बघितलं जातं. ज्यांनी खरोखर अभ्यास केला त्यांच्याकडं हजेरी, हॉल तिकिटं, फीच्या पावत्या तरी असतात. विकत घेणाऱ्याकडं काय असणार?

आता दुसरा प्रश्न. हे विद्यापीठ हा कोर्स, या पद्धतीनं, या वर्षी शिकवू शकतं का? घरी बसून शिकायचं म्हटलं की दोनच वाटा आहेत, दूरशिक्षण आणि ऑनलाइन. दोन्हींना यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची, म्हणजे डीईबीची, वेगळी मान्यता लागते. `deb.ugc.ac.in` वर शैक्षणिक वर्ष आणि सत्राप्रमाणे विद्यापीठांच्या याद्या आहेत, दूरशिक्षणाची वेगळी आणि ऑनलाइनची वेगळी. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. त्यापुढं मान्य कोर्सची नावं असतात, तिथं बी.कॉम. आहे का ते बघा. तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेणार तेच सत्र निवडलंय का, हेही बघा.

वर्षाचा हा मुद्दा किती महत्त्वाचा, ते कर्नाटकात वेगळं सांगायला नको. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ सरकारी, राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं. तरी 2013-14 पासूनची त्याची यूजीसी मान्यता गेली आणि 2018-19 पासून परत मिळाली. मधल्या वर्षांतल्या मुलांची ससेहोलपट आपल्या भागानंही बघितली. विद्यापीठ तेच होतं, इमारत तीच होती, फक्त वर्ष वेगळं होतं.

हद्दीचं पण ध्यानात ठेवा, कारण आपण सीमेवर राहतो. दूरशिक्षणात राज्याच्या विद्यापीठाची केंद्रं त्याच्या राज्यातच असू शकतात, आणि फ्रँचायझी देऊन केंद्र चालवायला यूजीसीची मनाई आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं किंवा आणखी कुठल्या परराज्यातल्या विद्यापीठाचं "अधिकृत स्टडी सेंटर" म्हणून निपाणीत, चिकोडीत नाहीतर टिळकवाडीत कुणी पाटी लावून बसलं असेल, तर आधी त्या विद्यापीठाच्या साइटवर केंद्रांची यादी बघा. ऑनलाइन कोर्सला मात्र ही हद्द नाही. मान्यता असलेलं कुठल्याही राज्यातलं विद्यापीठ तुम्हाला खानापुरात बसून शिकवू शकतं. पण तीन वर्षं शिकवून, परीक्षा घेऊन.

एजंट "फास्ट ट्रॅक"चं नाव घेतात, त्यातही थोडं खरं मिसळलेलं असतं. 2025 च्या यूजीसी नियमांत पदवी लवकर पूर्ण करायची सोय आली आहे. पण तीन वर्षांच्या पदवीत ती फार तर एका सत्राची आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी अर्ज करून, जास्त विषय घेऊन, तेवढे क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे अडीच वर्षं. 21 दिवसांत बसेल असा कुठलाही नियम नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण तो एजंटला तिथल्या तिथं उघडा पाडतो. प्रवेश खरोखर होणार असेल तर तुमच्या स्वतःच्या हातानं काढलेला डीईबी आयडी लागतो. 2024 पासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला तो सक्तीचा आहे. आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं काढायचं. मग डीईबीच्या पोर्टलवर तो घालून डीईबी आयडी तयार करायचा. त्या सरांना एवढंच विचारा: "माझा डीईबी आयडी कुठं भरायचा, आणि फी विद्यापीठाच्या पोर्टलवर भरली तर चालेल का?" मागच्या तारखेच्या डिग्रीत पहिल्याला जागाच नाही, आणि दुसऱ्याला "नाही, या नंबरवर फोन पे करा" हेच उत्तर येणार. फी कुणा माणसाच्या नावावर मागितली की बाकी काही तपासायची गरज नाही.

त्या सरांच्या लेटरहेडवरचे शिक्के तुम्हाला भारी वाटले होते, म्हणून त्यांचंही सांगतो. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, ते साबणाच्या कारखान्यालाही मिळतं. एमएसएमईची उद्यम नोंदणी कुणीही स्वतःच माहिती भरून फुकट करतो. नीती आयोगाचं दर्पण पोर्टल स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं आहे. यातल्या कशानंही पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. सोसायटी म्हणून नोंदणी झाली तरी मिळत नाही. लांब जायला नको, यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत आपल्याच जिल्ह्यातलं गोकाकच्या बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटीचं नाव वर्षानुवर्षं होतं. अशा संस्था बंद का होत नाहीत, असं लोक विचारतात. यूजीसी कायद्यात यासाठी शिक्षा आहे ती फक्त 1,000 रुपयांपर्यंतच्या दंडाची, आणि 1956 पासून ती तशीच आहे. म्हणून तपासायचं ओझं शेवटी विद्यार्थ्यावरच येतं.

तुमच्या भावाला तेच सर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा देतो म्हणालेत. तिथं आणखी सोपं आहे: इंजिनिअरिंग दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन घेता येत नाही, आणि फार्मसी, नर्सिंग, कायदा यांचंही तसंच. पॉलिटेक्निकची मान्यता तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, साइटवर वर्षवार दिसते. डी.फार्म.साठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची यादी बघायची.

तुमच्याकडं चार पास सेमिस्टर आहेत, आणि ही खरी पुंजी आहे. जुनी मार्क्स कार्डं घेऊन आधी तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात जा, मग राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात. तिथं दोन गोष्टी लेखी विचारा: कोर्स पूर्ण करायची कमाल मुदत अजून शिल्लक आहे का, आणि मध्यंतरी अभ्यासक्रम बदलला असेल तर पाचव्या सेमिस्टरला बसण्यासाठी कुठले विषय जादा द्यावे लागतील. मुदत असेल तर एका वर्षाचं काम उरतं. नसेल तर मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाला जुने क्रेडिट धरता येतील का ते विचारा. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, साधारण जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीला सुरू होणाऱ्या सत्रांसाठी. प्रवेश झाला की त्याचं पत्र मॅनेजरला दाखवा. "पदवी चालू आहे" यावर इन्चार्जची तात्पुरती जबाबदारी देतात का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

राहिलं आधार आणि पीयूसी मार्क्स कार्ड, जे तुम्ही त्या नंबरवर आधीच पाठवलं आहे. आता सही, फोटो, ओटीपी काही देऊ नका. चॅट पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि मग नंबर ब्लॉक करा. "तुमच्या नावानं डिग्री छापून झाली, उरलेले भरा नाहीतर पोलिसांत देतो" असा फोन येण्याची शक्यता आहे. घाबरून पाच पैसेही देऊ नका, तो कागद तुम्ही घेतलेला किंवा वापरलेला नाही. एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाका. पैसे गेलेच असते तर लगेच 1930 ला फोन, `cybercrime.gov.in` वर तक्रार आणि बँकेला लेखी कळवणं, हा क्रम होता. धमकीचा फोन आला तर स्क्रीनशॉट घेऊन सायबर गुन्हे बघणाऱ्या बेळगावच्या सीईएन पोलिस ठाण्यात जा. एकटं जायला संकोच वाटत असेल तर घरातलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर घ्या.